संक्रांत, पोंगल, बिहू, लोहडी: सगळ्यांना एकच शुभेच्छा द्यायची तर नाव कोणतं?

प्रश्न: आमचं ऑफिस पुण्यात आहे. निम्मे लोक मराठी, बाकीचे तमीळ, तेलुगू, पंजाबी, आसामी, बंगाली, गुजराती, बिहारी असे मिळून. जानेवारीत सगळ्यांना एकच शुभेच्छा ईमेल जातो. गेल्या वर्षी मी 'मकर संक्रांतीच्या (पोंगल, लोहडी, बिहू) शुभेच्छा' असं लिहिलं, तर दोघा-तिघांना खटकलं. सण एकच आहे ना? मग नाव कोणतं घालायचं? की सरळ 'सुगीच्या सणाच्या शुभेच्छा' म्हणून मोकळं व्हायचं?

उत्तर:

कंस काढून टाका आणि नावं एका ओळीत, बरोबरीनं लिहा: 'मकर संक्रांत, पोंगल, माघ बिहू आणि लोहडीच्या हार्दिक शुभेच्छा'. ऑफिसात गुजराती मंडळी आहेत, तेव्हा त्यात 'उत्तरायण' घाला. आजच ईमेल पाठवायचा असेल तर एवढं पुरे. पण हीच नावं का घेतली आणि बाकीची का गाळली, हे एकदा नीट कळलं की पुढच्या वर्षी माणसं बदलली तरी ओळ तुमची तुम्हालाच जुळवता येईल. बऱ्याच भाषांच्या लोकांसाठी संदेश लिहिणं आणि तपासणं हेच माझं काम असल्यानं जानेवारीचा दुसरा आठवडा माझा याच कंसांशी भांडण्यात जातो.

खटकलं ते कंसामुळे. कंसात लिहिलं की अर्थ असा होतो की खरं नाव बाहेरचं आणि आतली नुसती टोपणनावं. काही नावांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तुम्ही कंसात घातलेली तिन्ही नावं नेमकी अशी आहेत, ज्यांना हे लागू पडत नाही.

सूर्य एका राशीतून दुसरीत जातो त्याला संक्रांत म्हणतात. वर्षाला अशा बारा होतात, आणि मकर राशीत जातो ती मकर संक्रांत. म्हणजे हे मुळात एका आकाशातल्या घटनेचं नाव आहे. या घटनेवरूनच सणाला नाव देणारे प्रांत पुष्कळ आहेत. आपण संक्रांत म्हणतो, कर्नाटकात संक्रांती किंवा संक्रमण, आंध्र-तेलंगणात संक्रांती, ओडिशात मकर संक्रांती, बंगालात पौष संक्रांती, मिथिलेत 'तिला संक्रांती', नेपाळात माघे संक्रांती. राजस्थान-हरियाणात तोंडी सकरात होते. या सगळ्यांना 'मकर संक्रांत' हे नाव आपलंच वाटतं. बंगाली माणूस घरी पौष पार्बण म्हणत असेल आणि पिठे, पाटिसापटा खात असेल, पण ऑफिसच्या ईमेलात मकर संक्रांत वाचून त्याला परकं वाटत नाही. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात तर सणाचं घरगुती नावच 'खिचडी' आहे. गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात या दिवशी खिचडी वाहतात आणि मोठी जत्रा भरते. पण सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात 'खिचडीच्या शुभेच्छा' लिहिलंत, तर मराठी माणसाला वाटेल कॅन्टीनचा मेनू आला. त्या सहकाऱ्याला समोर भेटल्यावर जरूर म्हणा, खूश होईल. सामूहिक पत्रात त्याच्यासाठी संक्रांत पुरेशी आहे.

आता ज्या नावांना वेगळी जागा द्यायची ती. सगळ्यात जास्त घोळ लोहडीचा होतो, कारण लोहडी संक्रांतीचं पंजाबी नाव नाहीच. लोहडी असते आदल्या दिवशी संध्याकाळी. शेकोटी पेटवतात, तीळ, रेवड्या, शेंगदाणे, लाह्या तिच्यात टाकतात, दुल्ला भट्टीची गाणी म्हणतात. घरात नवी सून आली असेल किंवा मूल जन्मलं असेल तर ती पहिली लोहडी थाटात होते, आपल्याकडे नव्या नवरीची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण असतं त्याच मानानं. संक्रांतीच्या दिवसाला पंजाबात माघी म्हणतात. त्या दिवशी मुक्तसरला मेळा भरतो तो गुरू गोविंदसिंगांसाठी लढताना पडलेल्या चाळीस मुक्त्यांच्या स्मरणार्थ. एका संध्याकाळी नाचगाणी आणि दुसऱ्या सकाळी हुतात्म्यांची आठवण, असा तो फरक आहे. म्हणून संक्रांतीच्या दिवशी दुपारी 'हॅपी लोहडी' पाठवणं म्हणजे पाडव्याला लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा देणं. रागावत कुणी नाही, पण पाठवणाऱ्याला माहीत नाही हे लगेच कळतं.

पोंगलचं वेगळं आहे. त्याचा दिवस संक्रांतीचाच, पण तमीळ माणसाच्या लेखी तो 'तै' महिन्याचा पहिला दिवस आणि सण चार दिवसांचा: भोगी, तै पोंगल, गुरांचा माट्टु पोंगल आणि भेटीगाठींचा काणुम पोंगल. अंगणात नव्या मडक्यात नवा तांदूळ आणि दूध शिजत ठेवायचं, ते उतू गेलं की 'पोंगलो पोंगल' म्हणून ओरडायचं. आपल्याकडे दूध उतू गेलं की सूनबाई बोलणी खातात, तिथे सणच त्यावर उभा आहे. मुख्य म्हणजे तमिळनाडूत पोंगल हा भाषेचा आणि शेतीचा सण म्हणून धरला जातो, ख्रिस्ती घरांतही मडकं चढतं. त्याला 'मकर संक्रांतीचं दाक्षिणात्य रूप' म्हटलं की तमीळ सहकाऱ्याचं तोंड आंबट होतं, ते यामुळे. आणखी एक खड्डा टाळा. पोंगलच्या शुभेच्छेला 'आणि तमीळ नववर्षाच्या' अशी शेपटी जोडू नका. तैच्या पहिल्या दिवशी नववर्ष धरावं असा कायदा तमिळनाडू सरकारनं २००८ मध्ये केला आणि २०११ मध्ये पुढच्या सरकारनं तो रद्द केला. नववर्ष परत चित्तिरै महिन्यावर, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर गेलं. तो वाद अजून जिवंत आहे, तुम्ही त्यात का पडता?

याच्या उलटी चूकही तितकीच चालते: दक्षिणेकडचा दिसला की पोंगल. तेलुगू माणसाची ती संक्रांती. त्याच्याकडेही भोगी, संक्रांती, कनुमा असे दिवस असतात आणि गावाकडे तिला 'पेद्द पंडुग', म्हणजे मोठा सण म्हणतात. कन्नड घरांत एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे यांचं मिश्रण वाटतात. या दोघांना 'हॅपी पोंगल' पाठवणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला 'उत्तरायणाच्या शुभेच्छा' देण्यासारखं. मल्याळी सहकाऱ्यासाठी वेगळं नाव शोधायची गरज नाही. शबरीमलैची मकरज्योत याच दिवशी असते, पण केरळचा सुगीचा मोठा सण ओणम आहे आणि तो येतो ऑगस्ट-सप्टेंबरात.

बिहूला मात्र विशेषण लावाच. आसामात बिहू वर्षातून तीनदा येतो: एप्रिलमध्ये रोंगाली, ऑक्टोबरमध्ये काती किंवा कोंगाली, आणि जानेवारीत माघ बिहू, ज्याला भोगाली बिहूही म्हणतात. नाचाचा, ढोल-पेपाचा, मेखला-चादर नेसलेल्या मुलींचा जो बिहू आपण चित्रात पाहतो तो एप्रिलचा. जानेवारीचा बिहू खाण्याचा आहे. आदल्या रात्री उरुका, शेतात पेंढ्याचं आणि बांबूचं भेलाघर उभारून सामुदायिक जेवण, आणि पहाटे मेजी पेटवायची. नुसतं 'बिहूच्या शुभेच्छा' लिहिलं तर चूक नाही, पण 'माघ बिहू' लिहिलं की आसामी माणसाला कळतं, यांनी विचारून लिहिलंय.

उत्तरायणाबद्दल माझं मत थोडं सैल आहे. गुजरातेत सणाला उत्तरायण हेच नाव, दुसरा दिवस वासी उत्तरायण, आणि सगळं गच्चीवर पतंगांसोबत. पण मकर संक्रांत हे नाव तिथं परकं नाही. त्यामुळे गुजराती सहकारी नसतील आणि ओळ लांबत असेल तर हे नाव गाळलं तरी चालतं. असतील तर घाला. कुमाऊँच्या लोकांची घुघुतिया, झारखंड-पुरुलियाचा टुसू ही नावं मी सामूहिक पत्रात घालत नाही. घालायला हरकत आहे म्हणून नव्हे. पाचाच्या वर नावं गेली की वाचणारा आपलं नाव शोधतो आणि सापडलं नाही की त्याला ते जास्त लागतं. चार नावांच्या यादीत स्वतःचं नाव नसलं तर माणूस 'संक्रांतीत मी आलो' म्हणतो. चौदा नावांच्या यादीत नसलं तर 'फक्त मीच राहिलो' म्हणतो.

'सुगीच्या सणाच्या शुभेच्छा' मात्र नको. ऐकायला सोयीचं आहे, पण असं कुणी कुणाला म्हणत नाही, आणि ते सगळीकडे खरंही नाही. आसाम, बंगाल, तमिळनाडूत भात घरात आलेलं असतं, तिथे सुगी खरीच. पंजाबात त्या वेळी गहू शेतात हिरवा उभा असतो, तो कापायचा एप्रिलमध्ये, बैसाखीला. आपल्याकडेही भोगीच्या भाजीत हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, ओली गाजरं येतात, उसाची तोड चालू असते, पण रब्बीची ज्वारी अजून रानातच असते.

आता तुमच्यासारखंच एक पत्र घेऊन दाखवतो. माझ्याकडे तपासायला आलं होतं. तारीख १४ जानेवारी, पार्श्वभूमी काळी, तिच्यावर पांढरे हलव्याचे दागिने, कोपऱ्यात पतंग आणि ढोलाच्या तालावर नाचणारी बिहूची मुलगी. मजकूर असा होता: 'मकर संक्रांती म्हणजेच दक्षिणेतील पोंगल, पंजाबातील लोहडी आणि आसामातील बिहू या सुगीच्या सणाच्या सर्वांना शुभेच्छा! तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.'

सुरुवात रंगापासून केली. संक्रांतीला काळं नेसायचं हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की काळी पार्श्वभूमी सणाची वाटते. पण इतर बहुतेक प्रांतांत सणाला काळं अशुभ मानतात, आणि तमीळ-तेलुगू घरांत तर पोंगल-संक्रांतीला काळं घालायचा विचारही होत नाही. त्यांना ते पत्र दुखवट्याचं वाटलं असतं. काळा रंग काढून हळदी-केशरी केला. नाचणारी मुलगी एप्रिलची म्हणून गेली. पतंग गुजरातेत, जयपुरात, हैदराबादेत ओळखीचा, पण चेन्नई-गुवाहाटीच्या माणसाला त्यात आपला सण दिसत नाही. म्हणून चित्रात ऊस, तीळ, गूळ आणि उगवता सूर्य एवढंच ठेवलं. गूळ तर आपल्या तिळगुळातही आहे, गोड पोंगलातही आणि बंगालच्या पिठ्यांतही.

मजकुरातला 'म्हणजेच' काढला, कारण कंसाचंच काम तो करतो. 'दक्षिणेतील', 'पंजाबातील' ही लेबलंही काढली. ज्याचा सण आहे त्याला तो कुठला हे सांगायची गरज नसते, आणि 'दक्षिणेतील पोंगल' म्हटल्यावर तेलुगू-कन्नड दोघंही उगाच ओढले जातात. शेवटचं 'गोड गोड बोला' मराठीत जिवाभावाचं आहे. कन्नडमध्येही तसंच आहे, 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे मातनाडि'. पण ज्याला ही रीत माहीत नाही, त्याला कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून 'गोड बोला' असा ईमेल आला की तो आधी आठवू लागतो, मीटिंगमध्ये मी कुणाला काय बोललो. इंग्रजीत केलं की तर सरळ समज दिल्यासारखं वाटतं. म्हणून ते ठेवलं, पण आपली रीत म्हणून सांगून. शेवटी पत्र असं झालं:

'मकर संक्रांत, पोंगल, माघ बिहू, उत्तरायण आणि लोहडीच्या आपणा सर्वांना हार्दिक शुभेच्छा. महाराष्ट्रात या दिवशी तिळगूळ देताना म्हणतात: तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. तिळगूळ रिसेप्शनवर ठेवला आहे, येऊन घ्या.'

संक्रांत पहिली ठेवली ती ऑफिस महाराष्ट्रात आहे म्हणून. यजमानानं आपलं नाव आधी घेतलं तर कुणाला खटकत नाही. हेच पत्र चेन्नईच्या शाखेतून निघालं तर पोंगल पहिला येईल आणि शेवटची ओळही त्यांची असेल. सगळीकडे एकच क्रम ठेवायचा हट्ट नको.

राहिला दिवस. मला सगळ्यात जास्त पत्रं परत पाठवावी लागतात ती तारखेमुळे. सूर्य मकरेत जातो ती वेळ दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारी येऊन गेला की पुन्हा मागे येते. ही वेळ संध्याकाळी किंवा रात्री पडली की आपल्याकडे सण दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून २०२३ आणि २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १४ ला. २०२४ मध्ये तर लोहडीही १४ वर गेली होती. शिवाय हळूहळू, सत्तरेक वर्षांत एक दिवस, संक्रांत एकूणच पुढे चालली आहे. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, तो दिवस मकर संक्रांतीचा होता. तेव्हा पत्रावर '१४ जानेवारी' छापून ठेवायच्या आधी त्या वर्षीचं पंचांग किंवा दिनदर्शिका पाहा. तमीळ सहकारी असतील तर पोंगलची तारीख त्यांच्या दिनदर्शिकेतून वेगळी पाहा, कारण तिथला नियम आपल्यासारखाच असेल असं धरून चालता येत नाही.

एकच पत्र जाणार असेल तर ते आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, दुपारनंतर पाठवा. त्या संध्याकाळी पंजाब्यांची लोहडी, रात्री आसाम्यांची उरुका, दुसऱ्या सकाळी बाकी सगळे. म्हणजे कुणालाही उशीर होत नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवणं मराठी लोकांपुरतं तरी टाळा. ती किंक्रांत, करिदिन. त्या दिवशी माझी आई शुभकार्याचं नावही काढू देत नाही. पण तेलुगूंचा कनुमा आणि तमिळांचा माट्टु पोंगल नेमका त्याच दिवशी असतो. एखाद्या तेलुगू किंवा तमीळ सहकाऱ्याला राहून गेलं असेल, तर त्याला एकट्याला तेव्हा शुभेच्छा दिली तरी ती वेळेवरच पोचते.

पत्र गेल्यावर उत्तरं येतील. कुणी 'हॅपी पोंगल' लिहील, कुणी 'लोहडी दियां लख लख वधाइयां', कुणी नुसतं 'सेम टु यू'. एकेकट्याला उत्तर देताना यादी विसरा, त्यानं जे नाव वापरलं तेच वापरा. बिहारच्या सहकाऱ्यानं 'खिचडी मुबारक' लिहिलं तर तुम्हीही तेच लिहा आणि दही-चुडा कधी खायला घालतोस तेही विचारून घ्या.